स्क्यूनेस आणि कर्टोसिस: आकडा वाचण्याआधी कोणाची वर्गणी किती ते बघा

घरून ऑफिसला बसने जायला दहा दिवसांत किती मिनिटं लागली, ते लहानापासून मोठ्याकडे लावून पाहू: ४०, ४२, ४३, ४४, ४५, ४५, ४६, ४७, ४८ आणि १००. नऊ दिवस सगळं सुरळीत होतं. दहाव्या दिवशी वाटेत ट्रक बंद पडला आणि बस तासभर जागची हलली नाही. हे आकडे मी समजावण्यासाठी तयार केले आहेत, हातानं हिशोब करता यावा म्हणून सरासरी बरोबर ५० येईल असे.

आता हेच दहा आकडे एक्सेलमध्ये टाकून `SKEW` आणि `KURT` विचारलं, तर उत्तर येतं ३.०६ आणि ९.५२. नवखा माणूस इथून थेट एखाद्या तक्त्याकडे जातो. त्यात लिहिलेलं असतं की स्क्यूनेस १ च्या वर गेला तर वितरण फारच एका बाजूला झुकलेलं समजावं. मग अहवालात वाक्य येतं: "प्रवासाच्या वेळेचं वितरण उजवीकडे तीव्र विषम आहे." व्याख्येनुसार या वाक्यात चूक काढता येणार नाही. पण ते वाचणाऱ्याला वाटेल की रोजचाच प्रवास बेभरवशाचा आहे, आणि तसं अजिबात नाही. नऊ दिवस ती बस घड्याळासारखी धावली आहे.

या दोन आकड्यांशी माझं भांडण नाही. मला ते आवडतात. पण ते वाचायची एक रीत आहे आणि ती सूत्राच्या आत डोकावल्याशिवाय सापडत नाही. म्हणून आधी सूत्र उघडून बघू.

## पायरी १: प्रत्येक आकड्याचं अंतर एकाच मापानं मोजा

सरासरी ५० मिनिटं. प्रत्येक दिवस तिच्यापासून किती लांब आहे ते काढा. ४० मिनिटांचा दिवस −१०, ४८ चा −२, आणि १०० मिनिटांचा दिवस +५०. या अंतरांचे वर्ग करून त्यांची सरासरी घेतली की २८२.८ येते, आणि तिचं वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन, १६.८२ मिनिटं. हे झालं आपलं माप. प्रत्येक अंतराला या मापानं भागलं की मिनिटं गळून पडतात आणि उरतो एक निव्वळ आकडा. त्याला z म्हणतात. ४० मिनिटांचा दिवस −०.५९ वर येतो, १०० मिनिटांचा २.९७ वर.

पुढचं सोपं आहे. सगळ्या z चा घन करून सरासरी घ्या, तो स्क्यूनेस. सगळ्या z चा चौथा घात करून सरासरी घ्या, तो कर्टोसिस. दोन्ही सरासरीच आहेत, याहून गूढ त्यांत काही नाही.

घनात चिन्ह टिकतं, म्हणून सरासरीच्या खालचे दिवस उणे बाजूला ओढतात आणि वरचे दिवस अधिक बाजूला. कोणाची ओढ जास्त, ते स्क्यूनेस सांगतो. चौथ्या घातात चिन्ह जातं, त्यामुळे कर्टोसिसला दिशा नसते. लांब गेलेले आकडे किती लांब गेले आहेत, एवढंच तो मोजतो.

## पायरी २: वर्गणीची यादी काढा

सरासरी म्हणजे सगळ्यांनी मिळून जमवलेली रक्कम भागिले माणसं. गणपतीच्या वर्गणीत एकानं दहा हजार दिले आणि बाकी नऊ जणांनी दहा-दहा रुपये, तर "सरासरी वर्गणी हजाराच्या वर" हे वाक्य त्या चाळीबद्दल काहीच सांगत नाही, त्या एका माणसाबद्दल सांगतं. स्क्यूनेस आणि कर्टोसिसच्या बाबतीत हाच प्रकार कितीतरी जास्त तीव्र असतो, कारण इथे अंतरांचे घन आणि चौथे घात होतात. चारच दिवस मांडून बघू:

| मिनिटं | z | z चा घन | z चा चौथा घात |
|---|---|---|---|
| ४० | −०.५९ | −०.२१ | ०.१३ |
| ४५ | −०.३० | −०.०३ | ०.०१ |
| ४८ | −०.१२ | −०.००२ | ०.०००२ |
| १०० | २.९७ | २६.२८ | ७८.१५ |

दहाही दिवसांच्या घनांची बेरीज २५.७८ आहे, म्हणून स्क्यूनेस २.५८. चौथ्या घातांची बेरीज ७८.३९, म्हणून कर्टोसिस ७.८४. या ७८.३९ पैकी ७८.१५ एकट्या ट्रकच्या दिवसाचे आहेत. उरलेल्या नऊ दिवसांनी मिळून पाव एककही भरलेलं नाही. म्हणजे ९९.७ टक्के कर्टोसिस एका दिवसाचं आहे.

(एक्सेलनं ३.०६ आणि ९.५२ सांगितलं होतं आणि हाताच्या हिशोबात २.५८ आणि ७.८४ आले. चूक कुठेही झालेली नाही. याचा उलगडा चौथ्या पायरीत.)

पायथनमध्ये ही यादी काढायला पाच ओळी पुरतात:

```python
import numpy as np
x = np.array([40,42,43,44,45,45,46,47,48,100])
z = (x - x.mean()) / x.std()
print((z**3).mean(), (z**4).mean())
print((z**4 / (z**4).sum()).round(4))
```

शेवटची ओळ प्रत्येक आकड्याचा कर्टोसिसमधला वाटा देते. मी तयार फंक्शन वापरण्याआधी नेहमी हीच ओळ चालवतो. हजारो नोंदी असतील तर वाटे उतरत्या क्रमानं लावा आणि पहिले पाच-दहा बघा. निम्म्याहून जास्त वर्गणी मोजक्या नोंदींची असेल, तर तुमच्या हातात वितरणाचं वर्णन नसून त्या नोंदींचं वर्णन आहे. एक्सेलमध्ये हेच करायचं तर शेजारच्या रकान्यात z काढा, त्याच्या पुढच्यात त्याचा चौथा घात. मात्र तिथे z साठी `STDEV.P` घ्या, `STDEV.S` नको, नाहीतर बेरीज जुळणार नाही.

## पायरी ३: मोठा वर्गणीदार बाजूला ठेवून पुन्हा मोजा

ट्रकचा दिवस काढून नऊ दिवसांचा हिशोब केला तर सरासरी ४४.४ मिनिटं येते, प्रमाण विचलन जेमतेम २.३६ मिनिटं. स्क्यूनेस येतो −०.३४. चिन्हच फिरलं! आधी "उजवीकडे तीव्र विषम" म्हणत होतो तो आकार आता किंचित डावीकडे झुकलेला आहे, आणि तेही चाळीस मिनिटांच्या एका लवकर पोचलेल्या दिवसामुळे. कर्टोसिस ७.८४ वरून २.२८ वर उतरतो.

इथे एक गैरसमज होतो, तो लगेच दूर करायला हवा. मी तो दिवस कायमचा फेकून द्या असं म्हणत नाही. ट्रक खरोखर बंद पडला होता, माणूस खरोखर उशिरा पोचला होता. काढून बघायचं ते एवढ्यासाठी की एका नोंदीवर किती अवलंबून आहे ते कळावं. मग त्या नोंदीची चौकशी करायची. टंकताना चूक झाली आहे का? १०० हे १ तास ० मिनिटंचं चुकीचं रूप आहे का? एकक बदललं आहे का? चूक निघाली तर दुरुस्त करा. नोंद खरी असेल तर ठेवा आणि अहवालात दोन्ही आकडे द्या: तिच्यासह आणि तिच्याविना.

मधल्या भागाचा आकार वेगळा बघायचा असेल तर बाउलीचं माप घ्या. अकरावीला वाणिज्य शाखेत सांख्यिकी शिकलेल्यांना ते आठवेल. पहिलं आणि तिसरं चतुर्थक मध्यकापासून सारख्या अंतरावर आहेत का, एवढंच ते विचारतं:

```
(Q3 + Q1 - 2*M) / (Q3 - Q1)
```

आपल्या दहा दिवसांत खालच्या पाच आकड्यांचं मधलं ४३, वरच्या पाचांचं ४७, आणि मध्यक ४५. उत्तर येतं बरोबर शून्य, आणि ट्रकचा दिवस आत असूनही शून्य. नेहमीचा स्क्यूनेस २.५८ आणि बाउलीचा ०, हे दोन आकडे शेजारी ठेवले की चित्र आपोआप उभं राहतं: मधला भाग समतोल आहे, आणि लांब कुठेतरी एकटंच काहीतरी पडलेलं आहे.

## पायरी ४: सॉफ्टवेअर कोणता आकडा देतंय ते विचारा

एकाच दहा आकड्यांचा कर्टोसिस तुम्हाला तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी मिळेल, आणि तिघेही बरोबर असतील.

पहिला आहे ७.८४, चौथ्या घातांची सरळ सरासरी. या मापात घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वितरणाचा कर्टोसिस ३ येतो. आर भाषेतल्या `moments` पॅकेजचं `kurtosis` हा आकडा देतं.

दुसरा आहे ४.८४. हा त्याच ७.८४ मधून ३ वजा करून मिळतो, म्हणजे नॉर्मल वितरणाला शून्य मानून. याला जादाचा कर्टोसिस म्हणू. पायथनचं `scipy.stats.kurtosis` काही न सांगता वापरलं तर हाच देतं.

तिसरा आहे ९.५२. तोही जादाचाच, पण नमुना लहान असल्याची दुरुस्ती केलेला. एक्सेलचं `KURT` आणि पांडाजचं `.kurt()` हा देतात. स्क्यूनेसचंही तसंच: `SKEW` दुरुस्तीसह ३.०६ देतं, `SKEW.P` दुरुस्तीविना २.५८.

हजारभर नोंदी असतील तर ही दुरुस्ती नगण्य ठरते. दहा-वीस नोंदींत मात्र आकडा दुप्पट होऊ शकतो, हे आपण आत्ताच पाहिलं. खरा घोटाळा होतो तो तीन वजा केले की नाही यात. कर्टोसिस ३.२ लिहिलेला अहवाल वाचताना तो "जवळपास नॉर्मल" आहे की "नॉर्मलपेक्षा बराच जड शेपटाचा", हे त्या एका माहितीवर ठरतं, आणि बरेच लोक ती लिहीतच नाहीत. खात्री नसेल तर मोठा नॉर्मल नमुना तयार करून त्याच फंक्शनला द्या. उत्तर ३ च्या आसपास आलं की ० च्या, ते बघा. मिनिटाचं काम आहे.

## पायरी ५: नोंदी किती आहेत ते बघून मगच आकड्याला भाव द्या

या दोन आकड्यांना छत असतं, आणि ते नोंदींच्या संख्येवर ठरतं. दुरुस्तीविना मोजलेला स्क्यूनेस दहा नोंदींमध्ये २.६७ च्या वर जाऊच शकत नाही, कर्टोसिस ८.११ च्या वर जाऊ शकत नाही. हे छत गाठायचं तर नऊ आकडे एकसारखे हवेत आणि दहावा वेगळा, मग तो १०० असो की दहा लाख. ट्रकमुळे त्या दिवशी १०० च्या जागी ४०० मिनिटं लागली असती, तरी आपला २.५८ फारसा वाढला नसता, छताला आणखी जरा जवळ गेला असता एवढंच. नोंदींची संख्या n असेल तर छत असं मोजतात:

```
skewness: (n - 2) / sqrt(n - 1)
kurtosis: (n^2 - 3n + 3) / (n - 1)
```

तीस नोंदींसाठी हे ५.२ आणि २८ येतं. तुमचा आकडा छताला टेकत असेल तर त्याचा अर्थ एकच: एक नोंद बाकीच्यांपासून फारच लांब आहे. त्यापलीकडे आकाराबद्दल काहीही अनुमान काढू नका.

छत झालं, आता जमिनीकडचा डळमळीतपणा. पूर्णपणे नॉर्मल वितरणातून शंभर नोंदी उचलल्या तरी स्क्यूनेस नेमका शून्य येत नाही. तो साधारण ०.२४ इतका इकडे-तिकडे होतो, जादाचा कर्टोसिस साधारण ०.४९ इतका. अंदाज काढायला ६ भागिले n चं वर्गमूळ आणि २४ भागिले n चं वर्गमूळ घेतात. त्याची दुप्पट धरली तर शंभर नोंदींमध्ये ०.४ चा स्क्यूनेस ही चर्चा करण्याजोगी बाब नाही. सहाशे नोंदींमध्ये तोच ०.४ मात्र निश्चित काहीतरी सांगतो, कारण तिथे डळमळ ०.१ वर आलेली असते. हे अंदाज नॉर्मल वितरण गृहीत धरून केलेले आहेत. शेपूट जड असेल तर खरी डळमळ याहून पुष्कळ मोठी असते, म्हणून यांना किमान समजावं.

±१, ±२ अशा तयार मर्यादा ठिकठिकाणी दिलेल्या दिसतात. त्या सवयीनं पडलेल्या आहेत. नोंदींची संख्या न विचारता लावली जाणारी कोणतीही मर्यादा मी तरी मानत नाही.

## पायरी ६: चिन्ह आणि शून्य यांचा अर्थ तपासून घ्या

स्क्यूनेस अधिक म्हणजे उजवीकडची शेपटी जास्त ओढते आहे. गर्दी डावीकडे असते आणि विरळ, लांब गेलेले आकडे उजवीकडे. पुष्कळ जण इथे नेमकं उलट धरतात, कारण "उजवीकडे झुकलेलं" म्हटलं की डोळ्यांसमोर गर्दी उजवीकडे सरकलेली येते. नाव शेपटीवरून पडलं आहे, गर्दीवरून नाही.

दुसरी शिकवण अशी ऐकू येते: अधिक स्क्यूनेस असेल तर सरासरी मध्यकापेक्षा मोठी असते. बरेचदा असते. नेहमी नसते, विशेषतः नोंदी मोजक्या पूर्णांकांत असतील तेव्हा. घरातली माणसं, चाचणीतले गुण, भावंडं अशा मोजणीत हा नियम मोडतो. त्यामुळे सरासरी आणि मध्यकाची तुलना करून स्क्यूनेसचं चिन्ह सांगू नका, चिन्ह हवं तर स्क्यूनेसच काढा.

आणि शून्य? दहा मुलांना दहापैकी असे गुण पडले असं धरा: ३, ३, ३, ३, ६, ६, ६, ६, ६, ८. सरासरी ५. अंतरं चार वेळा −२, पाच वेळा +१, एकदा +३. घन केले तर उणे बाजूला ३२, अधिक बाजूला ५ आणि २७ मिळून ३२. बेरीज शून्य, स्क्यूनेस शून्य. पण हे गुण समतोल आहेत असं कोणी म्हणेल का? मध्यक ६ आहे, सरासरी ५. चार मुलं खाली अडकली आहेत, पाच मधे आणि एक पुढे. दोन बाजूंची ओढ बरोबरीत सुटली, एवढाच शून्याचा अर्थ. आकार समतोल असेल तर स्क्यूनेस शून्य येईल, पण शून्य आला म्हणून आकार समतोल ठरत नाही. आलेख काढायला पर्याय नाही, आणि दहा आकड्यांचा आलेख कागदावर टिंबं मांडूनही होतो.

## पायरी ७: कर्टोसिसमध्ये शिखर शोधू नका

कर्टोसिसचा सगळ्यात जुना गैरसमज त्याच्या ओळखीतच आहे. कार्ल पिअरसननं १९०५ मध्ये हा शब्द रूढ केला तेव्हा माथा किती सपाट आहे यावरून वर्णन केलं, आणि तेव्हापासून वर्गावर्गात तीन वक्र काढून दाखवतात: एक टोकदार, एक मध्यम, एक चपटा. पण पायरी २ मधली यादी पुन्हा बघा. ज्यांचा z एकपेक्षा लहान आहे ते दिवस शिखरात आहेत, आणि त्यांचा चौथा घात नगण्य आहे. शिखरातली माणसं वर्गणी भरतच नाहीत, मग जमलेल्या रकमेवरून त्यांच्याबद्दल कसं कळणार?

करून बघू. ट्रकचा दिवस तसाच ठेवून नऊ दिवसांची मांडणी बदलू. नऊही दिवस नेमके ४५ मिनिटं लागली, म्हणजे शिखर सुईसारखं टोकदार, तर कर्टोसिस ८.११ येतो. मूळचे पसरलेले नऊ दिवस, ७.८४. आणि चार दिवस ४० मिनिटं, पाच दिवस ४८ मिनिटं, म्हणजे मधे शिखराच्या जागी खड्डाच, तरी कर्टोसिस ७.३८. शिखर होतं, नव्हतं झालं, आणि आकडा जवळपास तिथेच राहिला. याउलट ट्रकचा एक दिवस काढला की तो २.२८ वर कोसळतो. पीटर वेस्टफॉल यांनी २०१४ मध्ये 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन'मध्ये हाच मुद्दा सविस्तर सिद्ध करून शिखराच्या कल्पनेला निरोप दिला.

शेपटीची कल्पना तशी नवी नाही. 'स्टुडंट' या टोपणनावानं लिहिणाऱ्या विल्यम गॉसेटनं १९२७ मध्येच एक छोटं चित्र काढलं होतं: कमी कर्टोसिससाठी आखूड शेपटीचा प्लॅटिपस, जास्त कर्टोसिससाठी लांब शेपट्यांचे दोन कांगारू. ते चित्र डोक्यात ठेवलं तर वाचताना चूक होत नाही.

कर्टोसिस कमी असेल तेव्हा तो वेगळं काही सांगतो. त्याची सर्वांत कमी किंमत १ आहे, म्हणजे जादाचा −२, आणि ती तेव्हाच येते जेव्हा नोंदी दोनच ठिकाणी निम्म्या-निम्म्या जमलेल्या असतात. सगळीकडे सारख्या पसरलेल्या नोंदींचा जादाचा कर्टोसिस −१.२ असतो. म्हणून नोंदी पुरेशा असताना −१.२ च्याही खाली आकडा गेला, तर मी लगेच दोन वेगळे गट एकत्र झालेत का ते बघतो: दोन पाळ्या, दोन यंत्रं, मुलगे आणि मुली.

## एक खरं उदाहरण: सेन्सेक्सचे दोन दिवस

२३ मार्च २०२० ला सेन्सेक्स ३,९३४.७२ अंकांनी, म्हणजे १३.१५ टक्क्यांनी पडला. दहा टक्क्यांवर व्यवहार थांबवले गेले, पाऊण तासानं सुरू झाले, आणि बाजार आणखी खाली गेला.

दहा वर्षांत साधारण २,५०० व्यवहाराचे दिवस असतात. रोजच्या बदलाचं प्रमाण विचलन १.३ टक्के आहे असं धरू. तो दिवस सरासरीपासून सुमारे दहा मापं खाली येतो. दहाचा चौथा घात १०,०००. त्याला २,५०० नं भागलं की ४. नॉर्मल वितरणात सगळ्या दिवसांचा मिळून कर्टोसिस ३ असतो, आणि इथे अडीच हजारांतला एकच दिवस ४ घालतो. स्क्यूनेसमध्ये त्याची भर उणे १,००० भागिले २,५००, म्हणजे −०.४.

आता १८ मे २००९. लोकसभेचा निकाल लागल्यानंतरचा सोमवार. सेन्सेक्स २,११०.७९ अंकांनी, १७.३४ टक्क्यांनी वर गेला आणि व्यवहार दिवसभरासाठी बंद करावे लागले. त्या काळासाठी प्रमाण विचलन दीड टक्का धरलं तर हा दिवस साडेअकरा मापं वर येतो, आणि अडीच हजार दिवसांच्या स्क्यूनेसमध्ये एकटाच सुमारे +०.६ घालतो.

म्हणजे "शेअर बाजार उणे बाजूला विषम असतो की अधिक?" या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कोणती दहा वर्षं घेतली यावर, आणि त्यात यांपैकी कोणता दिवस आला यावर हलतं. एकेक दिवस पुढे सरकत जाणाऱ्या खिडकीतला कर्टोसिस काढून त्याचा आलेख केला तर हे डोळ्यांना दिसतं: मोठा दिवस खिडकीत शिरला की रेषा उभी वर चढते, वर्षानुवर्षं पठारासारखी राहते, आणि तो दिवस मागून बाहेर पडला की एका झटक्यात खाली येते. त्या खाली येण्याच्या दिवशी बाजारात काहीच घडलेलं नसतं. असं पठार दिसलं की समजा, तुम्ही एका नोंदीचा प्रवास बघत आहात.

याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. २०१० ते २०१९ एवढीच दहा वर्षं घेतली तर या दोन्ही दिवसांपैकी एकही त्यात येत नाही. कर्टोसिस बराच शांत दिसतो. ज्या वितरणाची शेपूट लांब असते त्याचा कर्टोसिस नमुन्यात बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमीच दिसतो, कारण शेपटीतले दिवस क्वचितच हाती लागतात. जोखमीचा हिशोब करणाऱ्यानं कमी आकड्यावर कमी विश्वास ठेवावा, जास्त आकड्यावर जास्त.

## अहवालात काय लिहायचं

नोंदी किती, दुरुस्ती केली की नाही, तीन वजा केले की नाही, आणि सर्वांत मोठ्या वर्गणीदाराचा वाटा किती. एवढं सांगितलं की वाचणारा स्वतः निर्णय घेऊ शकतो. आपल्या बसबद्दल मी असं लिहीन:

"१० दिवसांच्या नोंदींत मध्यक ४५ मिनिटं. ९ दिवस ४० ते ४८ मिनिटांत. एक दिवस १०० मिनिटं (रस्ता बंद, नोंद तपासली, बरोबर आहे). स्क्यूनेस २.५८, कर्टोसिस ७.८४ (दुरुस्तीविना, ३ वजा न करता), कर्टोसिसचा ९९.७ टक्के वाटा त्या एका दिवसाचा. तो वगळल्यास अनुक्रमे −०.३४ आणि २.२८. असा दिवस किती वेळा येतो हे १० दिवसांवरून सांगता येत नाही. त्यासाठी किमान वर्षभराच्या नोंदी लागतील."